फोन दप्तरात का नको?

सर्व पालकांना,

येत्या सोमवारपासून पाचवी ते दहावीच्या सर्व तुकड्यांत मोबाइलचा नवा नियम लागू होत आहे. मुलांनी फोन शाळेत आणायला हरकत नाही. मात्र पहिल्या तासाला हजेरी झाली की फोन वर्गशिक्षकांसमोर बंद करून वर्गाच्या पेटीत जमा करायचा आणि शेवटच्या तासाला परत घ्यायचा. मधल्या काळात पेटी कार्यालयातल्या कपाटात कुलपात राहील. सिमकार्ड असलेल्या घड्याळांनाही हाच नियम आहे.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा प्रस्ताव मांडला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हरकत घेतली. ती हरकत मी मोडीत काढलेली नाही. तिचा आशय बहुतेक घरांत, आणि शिक्षकांच्या खोलीतही, आज सर्वमान्य आहे. तो असा: फोन ही आता गरजेची वस्तू आहे, तो मुलाजवळ असला की आई-वडिलांच्या जिवाला घोर राहत नाही, शाळेने फार तर ‘सायलेंट करून दप्तरात ठेवा, तासाला बाहेर काढू नका’ इतके सांगावे आणि कोणी काढलाच तर त्याला शिक्षा करावी, बाकीच्या मुलांचे फोन काढून घेण्याचा शाळेला अधिकार काय? एका पालकांनी तर विचारले, ‘माझा मुलगा फोनला हात लावत नाही. मग दुसऱ्याच्या चुकीपायी त्याचा फोन कपाटात का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन ओळींच्या सूचनेत देणे बरोबर झाले नसते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी ‘दप्तरात राहू द्या’ या मताकडे येते, कारण आजवर आपल्या शाळेचा नियम तोच होता. वरवर पाहता तो समंजस, मधला मार्ग वाटतो. त्याची अडचण अशी की, नियम पाळण्याचा सगळा भार तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनोनिग्रहावर टाकतो, आणि तोही दिवसभर, दर मिनिटाला. बाईंनी फळ्याकडे तोंड केले की मूल आणि फोन यांच्यात फक्त दप्तराची चेन उरते.

फोन हातात न घेताही लक्ष उडते, हे प्रयोगांनी तपासलेले आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकामागून एक आकडे दाखवायचे, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचे, फक्त एक ठरलेला आकडा आला की हात आवरायचा, असे कंटाळवाणे पण लक्ष मागणारे काम विद्यार्थ्यांना दिले. काम चालू असताना काहींच्या स्वतःच्या फोनवर कॉल किंवा संदेश पाठवले. त्यांनी फोन उचलला नाही, संदेश वाचला नाही. तरी त्यांच्या चुका वाढल्या. आपल्याला काहीतरी आले आहे एवढे कळले की मन तिकडे जाते आणि ते कोणाचे असेल याचा अंदाज बांधू लागते. गणिताच्या तासाला त्रिकोणाच्या सिद्धतेची तिसरी पायरी याच क्षणी निसटते, आणि तिसरी निसटली की चौथी, पाचवी समजत नाहीत. शिक्षकांना यातले काहीच दिसत नाही, कारण मूल फळ्याकडेच पाहत असते.

फोन पूर्ण मूक असला तरी त्याच्या नुसत्या जवळिकीने विचारशक्ती कमी पडते, असे सांगणारा २०१७ चा एक अमेरिकी प्रयोगही बैठकीत कोणीतरी मांडला होता. त्यात फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी फोन टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली ठरली होती. पण तो प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला, तेव्हा प्रत्येक वेळी तोच निष्कर्ष आला नाही. म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. आपला नियम पटवायला कच्चा पुरावा वापरला, तर तो उघडा पडेल तेव्हा पक्क्या पुराव्यावरचाही विश्वास जाईल.

तसेही मला खरी काळजी तासापेक्षा मधल्या सुट्टीची आहे. दप्तरातला फोन मधल्या सुट्टीत बाहेर येतो आणि मुले तो घेऊन स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीशी जमतात. तिथे एका फोनवर सहा डोकी वाकलेली असतात. सातवा मुलगा आपल्याकडे फोन नाही म्हणून कडेला उभा राहतो. आठव्याचा फोटो त्याच्या नकळत निघतो आणि शाळा सुटायच्या आत वर्गाच्या गटावर फिरतो. असा फोटो गेलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे कारण सांगून घरी राहिल्याचे मी पाहिले आहे. फोनला हात न लावणाऱ्या मुलाचाही फोन कपाटात का, या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे. एकट्याने फोन बाजूला ठेवणारे मूल गटाबाहेर पडते. सगळ्यांचे फोन एकदम बाजूला गेले तरच त्याचा चांगुलपणा त्याच्या अंगाशी येत नाही. आपल्या मुलावर माझा अविश्वास नाही. तो जे आपणहून करतो आहे, त्याची किंमत त्याने मोजू नये एवढेच मला हवे आहे.

दप्तरातल्या फोनचा हा अनुभव फक्त आपल्या शाळेचा नाही. फ्रान्स या बाबतीत आपल्या आधी तीन पायऱ्या चढला आहे. तिथे २०१० च्या कायद्याने शिकवण्याच्या वेळेत फोन वापरायला मनाई झाली. ती पुरेना, म्हणून २०१८ च्या कायद्याने साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेच्या संपूर्ण आवारात, सुट्टीतसुद्धा, वापर बंद केला. मात्र फोन मुलाच्या दप्तरात किंवा खिशात राहू शकत होता. कायदा कडक होता, तरी प्रत्यक्षात मुलाचा हात आणि फोन यांच्यातले अंतर तेवढेच राहिले. मग २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या देशाच्या शिक्षण खात्याने सुमारे दोनशे शाळांत वेगळा प्रयोग सुरू केला. शाळेत आल्यावर फोन कप्प्यात, पेटीत किंवा कुलूपबंद पाकिटात ठेवायचा आणि घरी जाताना घ्यायचा. सबंध देशाचा कायदा हाताशी असूनही ‘वापरू नका’ वरून ‘वेगळा ठेवा’ वर यावे लागते, तिथे आपल्या डायरीतल्या एका छापील सूचनेने काय साधणार होते?

आता सुरक्षिततेकडे येते. आपल्या मनात हाच मुद्दा सगळ्यांत खोल आहे, हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडची बरीच मुले आसपासच्या गावांतून एसटीने येतात. गाडी चुकते, रस्त्यात बंद पडते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते. संध्याकाळी फाट्यावर उतरून पुढे एक-दीड किलोमीटर चालत जाणाऱ्या मुलीजवळ फोन असावा, असे तिच्या आईला वाटले तर मी तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? म्हणूनच आपल्या नियमात फोन आणण्यावर बंदी नाही. जोखीम रस्त्यावर आहे, आणि रस्त्यावर फोन मुलाजवळच राहील. फक्त हजेरीपासून शेवटच्या तासापर्यंतच्या वेळेत तो कपाटात असेल. त्या वेळेत मूल एकटे नसते. वर्गशिक्षक, शिपाई, कार्यालय, फाटकावरचे काका, अशी माणसे त्याच्याभोवती असतात. फोनसाठी एवढा आग्रह असेल तर साधा बटणांचा फोन द्या, अशी माझी विनंती आहे. गाडी चुकल्याचे घरी कळवायला तो पुरतो.

‘पण घरी काही बरे-वाईट झाले तर?’ हा पुढचा प्रश्न. इथे एक घटना सांगते. आठवीतल्या एका मुलीला तिचे आजोबा गेल्याची बातमी शाळेत कळली. ती कोणी तिला सांगितली नाही. मधल्या सुट्टीत तिने दप्तरातला फोन पाहिला, तर चुलतभावाच्या स्टेटसवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. घरच्यांनी तिला शाळा सुटल्यावर हळूहळू सांगायचे ठरवले होते. तिने ते स्वच्छतागृहात एकटीने पाहिले, आणि ती तासाला आली नाही तेव्हा कुठे बाईंना कळले. तिच्या घरच्यांचे काहीच चुकले नव्हते. पण फोनने बातमी आधी पोचवली, आणि ती बातमी झेलायला तिच्याजवळ कोणी माणूस नव्हते.

अशी वेळ आली तर नव्या नियमात काय होईल, ते पायरीपायरीने सांगते. आपण कार्यालयाच्या फोनवर कॉल करायचा. पहिला क्रमांक लागला नाही तर दुसरा. हा दुसरा क्रमांक यासाठीच वेगळा घेतला आहे आणि तो शाळेच्या वेळेत फक्त पालकांसाठी मोकळा राहील. लिपिक आपले नाव, मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी, आपले नाते आणि निरोप चिठ्ठीवर लिहून घेतील आणि आपल्याला तो एकदा वाचून दाखवतील. निरोप साधा असेल, ‘आज मामा न्यायला येतील’ असा, तर शिपाई चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे देतील आणि शिक्षक मुलाला सांगतील. निरोप गंभीर असेल तर चिठ्ठी वर्गात जाणार नाही. वर्गशिक्षक किंवा मी स्वतः मुलाला बाहेर बोलावू, कार्यालयात बसवू, आणि प्रवेश अर्जावर नोंदलेल्या क्रमांकावर आम्हीच परत फोन लावून मूल आपल्याशी बोलेल असे पाहू.

आलेल्या क्रमांकावर विसंबायचे नाही, नोंदलेल्या क्रमांकावर आपणहून लावायचा, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. ‘आई दवाखान्यात आहे, लवकर ये’ असा खोटा निरोप मुलाच्या फोनवर थेट आला, तर तो खरा की खोटा हे तपासणारे मध्ये कोणीच नसते. मुलाला शाळेच्या वेळेत नेण्याची परवानगी आपण लेखी दिलेल्या नावांपुरतीच आहे, आणि ते नाव-चेहरा फाटकावर जुळल्याशिवाय मूल सोडले जाणार नाही. या सगळ्याला एरवी पाच ते सात मिनिटे लागतील, परीक्षेच्या दिवशी थोडी अधिक. एवढा उशीर मी समजून-उमजून पत्करला आहे.

मोठी आपत्ती असेल, म्हणजे आग किंवा शाळेबाहेर गडबड, तर वर्गावर्गांतले फोन मदतीपेक्षा अडचण करतात. त्या क्षणी मुलांनी एका माणसाचे ऐकायचे असते आणि रांगेने मैदानात यायचे असते. पन्नास मुले घरी फोन लावू लागली तर शिक्षकांचा आवाज कोणापर्यंत पोचणार? आणि बाहेर जी बातमी जाते ती अर्धवट असते. अर्धवट बातमी काय करू शकते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारले. त्या दिवसांत मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांनी गावोगाव हीच भीती पसरवली होती. शाळेच्या आवारातून एखाद्या घाबरलेल्या मुलाने पाठवलेली ‘आमच्या शाळेबाहेर गाडी उभी आहे’ एवढी ओळ बाहेर कोणत्या रूपात पोचेल, याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून शाळेत काही घडले, तर पालकांना पहिला संदेश शाळेकडूनच जाईल. तो वेळेवर जाईल, ही जबाबदारी माझी.

अधिकाराचा प्रश्न काही पालकांनी न्यायालयाचा दाखला देऊन मांडला. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेतल्या स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्य नाही आणि ती अमलातही येण्यासारखी नाही असे म्हटले, हे खरे आहे. पण त्याच निकालात न्यायालयाने शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही दिली, आणि बैठकीत त्यांचा उल्लेख झाला नाही. शक्य असेल तिथे मुलांनी शाळेत फोन जमा करावेत; वर्गात आणि शाळेच्या गाडीत वापरू नयेत; सुरक्षितता आणि संपर्कासाठी फोनची मुभा असावी, करमणुकीसाठी नसावी; नियम पालक, शिक्षक आणि जाणकारांशी बोलून करावेत आणि त्यातल्या शिक्षा न्याय्य असाव्यात, असा त्यांचा आशय आहे. तो निकाल दिल्लीचा असल्याने महाराष्ट्रातल्या शाळांवर थेट बंधनकारक नाही. तरीही मी नियमाचा मसुदा त्याच्याशी ताडून पाहिला. नियमाला विरोध म्हणून पुढे केलेला हा निकाल खरे तर आपण जे करतो आहोत त्याच्याच बाजूने बोलतो.

त्या निकालातून एक गोष्ट मी मसुद्यात नव्याने घेतली. आधी ‘फोन सापडल्यास महिनाभर जप्त’ असे कलम होते. ते काढले आहे. फोन सापडला तर तो त्याच दिवशी पालकांना बोलावून हातात दिला जाईल. दंड नाही. तोच प्रकार पुन्हा झाला तर त्या मुलाला सत्र संपेपर्यंत फोन आणण्याची परवानगी राहणार नाही, आणि हे पालकांशी बोलूनच ठरेल. कोणताही शिक्षक मुलाचा फोन उघडून पाहणार नाही, त्याच्याकडून कुलूप उघडून घेणार नाही. फोनमध्ये काही गंभीर आहे असा संशय आला तरी फोन बंद अवस्थेत पालकांसमोरच येईल आणि पुढचे कायद्याप्रमाणे होईल. मुलाचे खासगीपण शाळेच्या फाटकात संपत नाही.

इथवर मी नियमाला विरोध करणाऱ्यांशी बोलले. पण काही पालकांनी नियमाला जोरदार पाठिंबा दिला, आणि त्यांच्या मताशीही मी पूर्ण सहमत नाही. ‘शाळेत फोन बंद झाले की मुले सुधारतील, मार्क वाढतील, चिडचिड थांबेल’, असे त्यांचे म्हणणे. पुरावा इतके सांगत नाही.

इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा एक गाजलेला अभ्यास आहे. ज्या शाळांनी फोनबंदी केली, तिथल्या सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेतल्या गुणांत बंदीनंतर थोडी वाढ दिसली. वाढीची सरासरी छोटी होती, पण ती कोणाची झाली हे पाहण्यासारखे आहे. अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या मुलांना सरासरीच्या दुपटीहून अधिक लाभ झाला. पुढे असलेल्या मुलांना काहीच फरक पडला नाही. मात्र स्वीडनमध्ये अशाच पद्धतीने केलेल्या अभ्यासात गुणांवर कसलाही परिणाम आढळला नाही. आणि २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३० शाळांची तुलना केली, तेव्हा कडक नियमाच्या आणि सैल नियमाच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही. कडक शाळांतली मुले शाळेत फोन कमी वापरत होती, पण दिवसभराचा एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला होता. त्याच अभ्यासात एकूण वापर जास्त असलेल्या मुलांची झोप, हालचाल आणि वर्गातली वागणूक यांची स्थिती मात्र वाईट आढळली.

याचा अर्थ मी असा लावते. शाळेचा नियम शाळेच्या वेळेपुरता काम करतो. त्या वेळेत तो तासाची एकाग्रता राखायला मदत करतो, मधली सुट्टी मुलांना परत देतो, आणि गुणांत काही फरक पडलाच तर तो मागे पडणाऱ्या मुलाच्या बाजूने पडण्याची शक्यता अधिक. घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या फोनवर या नियमाचा इलाज शोधणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यावर शाळेने उपदेश करावा असे मला वाटत नाही. प्रत्येक घराची बैठक वेगळी असते. पण एक उदाहरण सांगावेसे वाटते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घराघरांतले फोन आणि टीव्ही बंद आणि मुले अभ्यासाला. त्यातही मला दिसते ते हेच की, एकट्या मुलावर भार नाही. त्या वेळेत वडीलधाऱ्यांचे फोनही बाजूला असतात.

‘फोन अभ्यासासाठीच लागतो’ असेही काहींनी म्हटले. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरल्याचे सांगितले, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा अभ्यास होतच नाही असे कोणी म्हणू नये. पण या मुद्द्यात एक दोष शाळेचा आहे. करोनाच्या काळात गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर देण्याची सवय आम्हाला लागली आणि शाळा उघडल्यावरही ती सुटली नाही. मुलाने फोन मागितला की ‘बाईंनी गटावर पाठवलंय’ हे कारण आम्हीच त्याच्या हातात दिले. सोमवारपासून गृहपाठ फळ्यावर लिहिला जाईल आणि मुले तो डायरीत उतरवतील. वर्गाच्या गटावर फक्त पालकांसाठीच्या सूचना येतील. चित्रफीत दाखवायची असेल तर ती शाळेच्या संगणक कक्षात दाखवली जाईल.

शिक्षकांचे फोनही तासाला वर्गात येणार नाहीत. मुलांना एक सांगायचे आणि आपण दुसरे करायचे, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल. शिक्षकांच्या सभेत या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि शेवटी सर्वांनी ते मान्य केले.

आता पेटीविषयी, कारण कागदावरचा नियम प्रत्यक्षात कुठे अडतो हे नववीच्या एका तुकडीत करून पाहिले आहे. पेटी लाकडी आहे, तिला कप्पे आहेत आणि कप्प्याचा क्रमांक म्हणजे मुलाचा हजेरी क्रमांक. पहिल्या दिवसांत तीन अडचणी आल्या. एक, फोन नुसते मूक केलेले असल्याने कपाटातल्या पेटीत गजर वाजू लागले आणि लिपिकांना कुठला फोन वाजतो आहे हे कळेना. म्हणून फोन पूर्ण बंद करायचा. दोन, काहींनी घरातला जुना, बिघडलेला फोन जमा केला आणि चालू फोन दप्तरात ठेवला. आता मुलाने चालू पडदा दाखवून शिक्षकांसमोर फोन बंद करायचा असतो. बिघडलेला फोन चालू दाखवता येत नाही, त्यामुळे ही युक्ती आपोआप थांबली. तीन, शाळा सुटताना पेटीभोवती झुंबड उडाली आणि गावाकडच्या मुलांची गाडी हुकायची वेळ आली. म्हणून शेवटच्या तासाची अखेरची पाच मिनिटे वाटपासाठी ठेवली आहेत, आणि एसटीने जाणाऱ्या मुलांचे क्रमांक आधी पुकारले जातात.

पेटी कपाटात असताना फोन हरवला किंवा फुटला तर भरपाई शाळा करेल. जमा करताना काच आधीच तडकलेली असेल तर तशी नोंद वहीत होईल आणि मूल सही करेल. पेटीत न ठेवलेल्या फोनची जबाबदारी मात्र शाळेवर नाही.

काही मुलांना या नियमातून सूट आहे, आणि ती मागताना संकोच करू नका. मधुमेह असलेल्या ज्या मुलाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि त्याचे आकडे फोनवरच येतात, त्याचा फोन त्याच्याजवळ किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलावर राहील. श्रवणयंत्र फोनला जोडलेले असेल किंवा दृष्टी कमी असल्याने मूल फोनवर अक्षरे मोठी करून वाचत असेल, तर तेही तसेच. डॉक्टरांचे पत्र असेल तर द्या. नसेल तर येऊन बोला, आपण मार्ग काढू. ही सूट कशासाठी आहे, हे वर्गातल्या इतर मुलांना सांगितले जाणार नाही.

सोबत संमतीपत्र आहे. त्यात मुलाचा फोन साधा आहे की स्मार्ट, अडचणीच्या वेळी आम्ही कोणत्या दोन क्रमांकांवर फोन करावा, आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकते, ही माहिती भरून शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी. फोन न आणणाऱ्या मुलांच्या पालकांनीही ते भरावे, कारण क्रमांकांची जुनी नोंद अनेकांची बदललेली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालक-शिक्षक संघात या नियमाचा आढावा घेऊ. कोणाची गाडी हुकली, कोणाचा निरोप उशिरा पोचला, पेटीत काय बिघडले, याची वही कार्यालयात ठेवली आहे. आपली तक्रार त्यात लिहा. आढाव्याच्या दिवशी ती वही सर्वांसमोर वाचली जाईल.

आपली,
मुख्याध्यापिका